उंचवट्याअलीकडचे चाळीस मीटर

गतिरोधक नेमके काम कधी करतो? चाक त्यावर आदळते तेव्हा, असे उत्तर बहुतेकजण देतील. हे उत्तर चुकीचे आहे, आणि या पुस्तिकेतले सारे विवेचन त्या चुकीभोवती फिरते. गतिरोधकाचे काम चाक त्याला टेकण्याआधीच, अलीकडच्या चाळीस-पन्नास मीटरांत संपायला हवे. चालकाला तो दिसला, त्याने ॲक्सिलरेटर सोडला, ब्रेक हलका दाबला आणि गाडी सावकाश चढून उतरली, तर गतिरोधकाने वेग कमी केला असे म्हणता येते. चालकाला तो दिसलाच नाही आणि गाडी त्याच वेगाने त्यावर गेली, तर वेग कमी झाला नाही. वेगाबद्दल शिक्षा मात्र झाली, आणि तीही बऱ्याचदा चालकाऐवजी मागे बसलेल्याला. म्हणून पट्टे आणि फलक नसलेल्या उंचवट्याला मी अर्धवट राहिलेला गतिरोधक म्हणत नाही. तो रस्त्यात टाकलेला अडथळा आहे. उंचवटा आणि त्याची सूचना या दोन्हींचा मिळून गतिरोधक होतो, आणि त्यात सूचना आधी येते. आपल्याकडे ती नंतर येते किंवा येतच नाही.

या अडथळ्यांमुळे माणसे मरतात, हे सरकारी आकडेवारीतही आले आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०१५ सालच्या अहवालात गतिरोधकांपाशी झालेल्या अपघातांत ३,४०९ मृत्यूंची नोंद आहे. त्याच वर्षी खड्ड्यांपायी झालेल्या मृत्यूंचा आकडा ३,४१६ होता. दोन्ही आकडे जवळपास सारखे आहेत. खड्ड्यांवरून दर पावसाळ्यात आंदोलने होतात, वर्तमानपत्रांची पाने भरतात, न्यायालये दखल घेतात. आणि तितकेच बळी घेणारी दुसरी गोष्ट लोक स्वतः मागून घेतात, तिचे उद्घाटनही करतात. हा आकडा मात्र जपून वापरायला हवा. अपघाताची नोंद पोलीस करतात, आणि ‘गतिरोधकापाशी’ झालेला प्रत्येक अपघात ‘गतिरोधकामुळे’ झाला असे त्या नोंदीवरून सिद्ध होत नाही. उलट, उंचवट्यावर उडून पडलेल्या दुचाकीस्वाराची नोंद ‘भरधाव वेग’ किंवा ‘चालकाची चूक’ अशीही होते, तेव्हा तो मृत्यू या रकान्यात येतच नाही. त्या वर्षी देशात रस्ते अपघातांत सुमारे १ लाख ४६ हजार माणसे मेली. त्यात ३,४०९ म्हणजे शंभरात दोनाहून थोडे अधिक. हा वाटा फार मोठा नाही. पण हे मृत्यू ज्या वस्तूमुळे झाले ती मृत्यू टाळण्यासाठीच बांधली होती, म्हणून त्यांचा हिशेब वेगळा मागावा लागतो.

गतिरोधक कसा असावा हे आपल्याकडे लिहून ठेवलेले नाही, असे मुळीच नाही. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली ‘आयआरसी ९९’ हे मार्गदर्शक प्रसिद्ध केले आणि २०१८ साली त्याची मोठी सुधारित आवृत्ती काढली. मूळ मार्गदर्शकातला नेहमीचा गतिरोधक असा: वाहनाच्या दिशेने रुंदी ३.७ मीटर, मधोमध उंची १० सेंटिमीटर, आणि वरचा आकार १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. या गतिरोधकावरून २५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला त्रास होऊ नये आणि त्याहून जोरात जाणाऱ्याला झाल्याशिवाय राहू नये, ही त्यामागची कल्पना. या मापांचे मूळ ब्रिटनमधले आहे. तिथल्या परिवहन संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स यांनी निरनिराळ्या आकारांच्या उंचवट्यांवरून निरनिराळी वाहने नेऊन पाहिली आणि १९७३ साली अहवाल लिहिला. बारा फूट लांब आणि चार इंच उंच हा आकार त्यातूनच आला. आपले ३.७ मीटर आणि १० सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ तेच माप.

त्या प्रयोगांतला एक निष्कर्ष उलटा वाटणारा आहे, पण आपल्या गल्लोगल्लीच्या उंचवट्यांचा सगळा घोळ त्यात उलगडतो. लांबट उंचवट्यावर वेग वाढेल तसा प्रवाशाला बसणारा हिसका वाढतो. आखूड उंचवट्यावर मात्र एका मर्यादेनंतर वेग वाढला की गाडीत बसलेल्याला त्रास कमी जाणवतो. आखूड उंचवटा चाकाखालून इतक्या झटकन निघून जातो की स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर दबून पुन्हा सुटतात आणि गाडीचे धड फारसे वर उचललेच जात नाही. मार चाकाला, टायरला आणि सांध्यांना बसतो. आसनापर्यंत तो पोचत नाही. लांब उंचवट्यावर मात्र पूर्ण गाडीलाच वर चढून खाली उतरावे लागते. मोटारीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर साधारण अडीच मीटर असते, त्यामुळे ३.७ मीटरच्या गतिरोधकावर काही क्षण चारही चाके असतात. तिथे हिसका चुकवायला हळू जाण्याखेरीज उपाय नाही. म्हणजे आखूड उंचवटा मोटार चालवणाऱ्याला न थांबता जोरात जायला शिकवतो, आणि त्याची खरी शिक्षा ज्यांच्या वाहनाला पुरेसे स्प्रिंग नाहीत, ज्यांची चाके लहान आहेत, जे दोनच चाकांवर तोल सांभाळत आहेत अशांना होते.

एखाद्या वसाहतीच्या तोंडाशी घातलेला ओळखीचा उंचवटा घेऊ. डांबर-खडीचे मिश्रण फावड्याने ओतून, वरून रोलर न फिरवता, पाठीने चोपून केलेला. तो १५ सेंटिमीटर उंच आणि ६० सेंटिमीटर रुंद आहे असे धरा. असे कितीतरी सापडतात. अशा कमानीची त्रिज्या काढली तर ती साधारण साडेसदतीस सेंटिमीटर येते. मार्गदर्शकातली त्रिज्या आहे १७ मीटर, म्हणजे पंचेचाळीस पट. मोटारसायकलच्या चाकाची त्रिज्या तीस सेंटिमीटरच्या आसपास असते आणि स्कूटरची त्याहून बरीच कमी. थोडक्यात, चाकापुढे चाकाएवढ्याच वळणाची गोष्ट उभी केली आहे. चढाचेही तसेच. प्रमाणित गतिरोधकाच्या काठाशी चढ सर्वांत तीव्र असतो आणि तिथेही तो नऊला एक इतकाच, म्हणजे नऊ सेंटिमीटर पुढे गेल्यावर एक सेंटिमीटर वर. या चोपलेल्या उंचवट्याचा सरासरी चढ दोनाला एक आहे. त्यावर चाक चढत नाही, धडकते. खालून मोटारीचा तळ घासल्याच्या खुणा अशा उंचवट्याच्या माथ्यावर दिसतात. उंचवट्याचा आकार चुकला आहे हे ओळखायची ती सगळ्यात सोपी खूण. टेपही लागत नाही.

दुचाकीवर प्रत्यक्षात काय होते ते बघितले पाहिजे, कारण मृत्यू तिथे होतात. उंचवटा शेवटच्या आठ-दहा मीटरांवर दिसला की हात आपोआप पुढचा ब्रेक कचकन दाबतो. गाडीचे नाक खाली जाते, पुढचे फोर्क दबतात, म्हणजे धक्का झेलायला ठेवलेली जागा धक्क्याआधीच संपते. अशा अवस्थेत पुढचे चाक चढाला भिडते आणि हँडल हातातून निसटू पाहते. चालकाने तोल सावरला तरी मागचे चाक अजून यायचे असते. मागे बसलेला माणूस जवळजवळ मागच्या आसावरच बसलेला असतो, त्यामुळे उसळी त्याला सर्वांत जोरात मिळते, आणि धरायला त्याच्याकडे हँडल नसते. एका बाजूला पाय सोडून, मांडीवर मूल घेऊन बसलेली बाई मागच्या मागे पडते ती डोक्यावर, आणि तिच्या डोक्यावर बहुधा हेल्मेट नसते. तीस किलोमीटरचा वेगही अशा पडण्याला पुरतो. दुसऱ्या प्रकारच्या अपघातात उंचवट्यावर कोणी पडतच नाही. पुढची मोटार एकदम थांबते आणि मागून येणारा तिच्यावर जाऊन आदळतो. त्याला पुढच्या गाडीमुळे उंचवटा दिसत नसतो आणि फलकही नसतो. अशा वेळी पोलिसांच्या कागदावर ‘मागून धडक’ असे लिहिले जाते, गतिरोधकाचा उल्लेख येत नाही.

आता अंतराचा हिशेब. अचानक काही दिसल्यावर ते कळून ब्रेक लागेपर्यंत अडीच सेकंद जातात, असे रस्त्यांच्या आखणीत धरले जाते. ताशी ५० किलोमीटर वेगाने या अडीच सेकंदांत गाडी सुमारे ३५ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर नेहमीच्या पकडीच्या रस्त्यावर ५० वरून २५ वर यायला आणखी २० मीटर लागतात. एकूण ५५. ताशी ६० किलोमीटर वेग असेल तर हेच अंतर ७४ मीटर होते. रात्री, समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून दिवा खाली केलेला असताना, काळ्या डांबरावरचा काळा उंचवटा या अंतरावरून दिसणे शक्यच नाही. दिव्याचा झोत तिथे पोचला तरी उंचवट्याचा रंग आणि रस्त्याचा रंग एकच असल्याने डोळ्याला कडा सापडत नाही. दिवसासुद्धा झाडाच्या सावलीत तो सावलीसारखाच दिसतो. गाव लहान असो, चालक सावध असो, वेग मर्यादेत असो, चालकाजवळचे अंतर लागणाऱ्या अंतरापेक्षा कमीच पडते.

मार्गदर्शकातले चिन्हांकनाचे नियम या उण्या अंतराची भरपाई करण्यासाठी आहेत. उंचवट्याच्या ४० मीटर अलीकडे लाल कडेचा त्रिकोणी इशाराफलक हवा. तो प्रकाश परतवणारा असला की तीस-चाळीस मीटरवरून ओळखू येतो. म्हणजे चालकाला एकूण सत्तर-ऐंशी मीटर मिळाले. ताशी ६० किलोमीटरसाठी लागणारे ७४ मीटर त्यात जेमतेम बसतात. फलकावरच्या चित्राने ‘आहे’ एवढे कळते. नेमका कुठे, ते उंचवट्यावरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी कळते. त्यांचा रंगही रात्री चमकणारा हवा, नुसता पांढरा ऑइलपेंट दिव्यात करडा दिसतो आणि दोन महिन्यांत टायरखाली पुसला जातो. त्यात काचेचे बारीक मणी असलेले थर्मोप्लास्टिक जास्त टिकते, आणि जोडीला कडेने कॅट आय बसवले तर पावसात पट्टे बुडाले तरी जागा कळते. आता ताशी ८० किलोमीटर घ्या. तिथे लागणारे अंतर सुमारे १२० मीटर होते आणि चाळीस मीटरवरचा फलक पुरा पडत नाही. मार्गदर्शकाच्या १९८८ च्या आवृत्तीने नावातच ‘दुय्यम रस्ते’ म्हटले होते, आणि २०१६ साली केंद्रीय मंत्रालयाने राष्ट्रीय महामार्गांवरचे गतिरोधक काढायला सांगितले, त्यामागचे गणित हेच आहे. वाहतूक मोकळी धावावी म्हणून हा नियम केला असा समज आहे. मला तो अपुरा वाटतो. वेगवान रस्त्यावरचा उंचवटा कितीही नेटका बांधला तरी त्याची सूचना वेळेत पोचवणे फार अवघड असते.

सगळ्यात वाईट रात्र पहिली. उंचवटा बहुधा संध्याकाळी घातला जातो, कारण दिवसा वाहतूक अडवता येत नाही. रंगाचे काम वेगळ्या कंत्राटात असते, डांबर थंड व्हायला हवे, फलक भांडारातून यायचा असतो. या सबबी खऱ्याही असतील, पण त्या काळात रोज त्याच रस्त्याने जाणाऱ्यालाही तिथे काही नवे आले आहे हे ठाऊक नसते. काल सपाट असलेला रस्ता आज सपाट नाही. अनोळखी माणूस निदान जपून चालवतो. ओळखीचा माणूस सवयीने चालवतो, म्हणून नव्या उंचवट्याचा पहिला बळी पुष्कळदा स्थानिकच असतो. यावरचा उपाय खर्चाचा नाही, क्रमाचा आहे. आधी फलक उभे करा, मग उंचवटा घाला, आणि पट्टे मारून होईपर्यंत दोन्ही बाजूंना परावर्तक लावलेले अडथळे आणि लुकलुकणारा दिवा ठेवा. रस्त्यावर नवा थर टाकल्यावरही हेच. थराखाली जुने पट्टे गाडले जातात आणि उंचवटा तेवढा शिल्लक राहतो. प्लास्टिकचे, बोल्टने जखडायचे गतिरोधक असतात त्यांचे दुखणे निराळे. अवजड वाहनांनी त्यांचे तुकडे उडतात, मधे दात पडल्यासारखी फट राहते, आणि रस्त्यात उघडे बोल्ट वर डोकावत राहतात.

एक उदाहरण तपशिलात घेऊ. राज्य मार्गाला गावातून येणारा रस्ता काटकोनात मिळतो. कोपऱ्यावर एसटीचा थांबा, पलीकडे शाळा, कडेने टपऱ्या. इथे एक अपघात होतो, मूल दगावते, लोक रस्ता अडवतात, आणि दुसऱ्या दिवशी राज्य मार्गावर थांब्याच्या दोन्ही बाजूंना दोन उंचवटे येतात. मार्गदर्शकानुसार अशा ठिकाणी गतिरोधक हवा तो गावाकडून येणाऱ्या दुय्यम रस्त्यावर, आणि तोही मुख्य रस्त्याच्या काठापासून ५ मीटर मागे. हे ५ मीटर उगाच नाहीत. गतिरोधकावरून उतरलेला माणूस तेवढ्या जागेत थांबतो, दोन्हीकडे पाहतो आणि मग मुख्य रस्त्यावर येतो. उंचवटा अगदी काठाशी असेल तर गाडी उतरते तीच ट्रकच्या वाटेत. उंचवटा रस्त्याच्या पूर्ण रुंदीचा हवा, हीही एक अट. दोन्ही कडांना हातभर जागा सोडली की दुचाकीवाले तिथून निघतात, म्हणजे थेट टपरीपुढे उभ्या असलेल्या माणसांच्या अंगावर. पाणी वाहून जायला कडेला उतार किंवा नळी द्यावी लागते, नाहीतर उंचवट्यामागे डबके साचते आणि पहिल्या पावसाळ्यात खड्डा पडतो. म्हणजे एका जागी गतिरोधकही आणि खड्डाही.

मग मुख्य रस्त्यावर काय करायचे? इथे रंबल स्ट्रिपचा प्रश्न येतो; आपल्याकडे त्यांना सरसकट रंबलर म्हणतात. हे पट्टे मिलिमीटरांत मोजायच्या उंचीचे असतात, रस्त्याच्या आडवे, थोड्याथोड्या अंतरावर, ओळीने. त्यांचे काम गाडी उचलण्याचे नाही, आवाज आणि थरथर निर्माण करण्याचे आहे. पट्टे एकेक मीटरवर असतील तर ताशी ६० किलोमीटर वेगाने सेकंदाला सुमारे सतरा ठोके बसतात. डुलकी लागलेल्या किंवा फोनकडे पाहणाऱ्या चालकाचे लक्ष पुढे आणायला ते पुरेसे आहे. त्यांच्या जोरावर वेग आपोआप कमी होईल अशी अपेक्षा चुकीची. वेग चालक कमी करतो, पट्टे त्याला जागे करतात. म्हणून ते धोक्याच्या जागी न घालता अलीकडे घालायचे असतात, जागे झाल्यावर ब्रेक दाबायला सपाट रस्ता उरेल इतके अलीकडे. आपल्याकडे ते नेमके थांब्यासमोर, झेब्रा पट्ट्यांना खेटून दिसतात. मग सूचना आणि धोका एकाच वेळी येतात, आणि ओल्या थर्मोप्लास्टिकवर ब्रेक दाबणारी दुचाकी घसरते. दुसरा बिघाड थरांचा. दर दोन वर्षांनी जुन्या पट्ट्यावर नवा पट्टा ओतला जातो, उंची वाढते, आणि सूचनेचे यंत्र लहानलहान गतिरोधकांची रांग होऊन बसते. रुग्णवाहिकेत पाठीच्या दुखापतीचा रुग्ण असेल तर ती रांग त्याला भोवते. कडेच्या घरांतल्या लोकांची झोप जाते ती वेगळीच, आणि ती तक्रार खोटी नसते. पट्टे वस्तीपासून दूर अलीकडे सरकवले तर ती बरीच मिटते.

या मांडणीवर पहिला आक्षेप गावकऱ्यांचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. ते म्हणतात, तुमचे नियम गाडीत बसलेल्यांसाठी आहेत. आमची मुले रस्ता ओलांडतात, पट्ट्यांच्या आवाजाने ट्रक हळू होत नाहीत, उंचवट्याने होतात. हे बरोबर आहे. चालणाऱ्याच्या दृष्टीने धडकेचा वेग ५० वरून ३० वर आला तर जीव वाचण्याची शक्यता फार वाढते, आणि वेग खात्रीने खाली आणणारी उंचवट्याइतकी स्वस्त गोष्ट दुसरी नाही. म्हणून ‘गतिरोधक काढा’ अशी माझी मागणी नाही. ज्या गावात राज्य मार्ग हाच बाजारपेठेचा रस्ता झाला आहे तिथे तो महामार्ग आहे हे सोंग सोडावे लागेल, असे माझे मत आहे. एकतर वळणरस्ता काढावा, नाहीतर त्या पाचशे-सातशे मीटरांची वेगमर्यादा खरोखर ३० करून तसा रस्ता बांधावा. वेशीपाशी फलक आणि रंबल पट्टे, मग रस्ता अरुंद केल्याची जाणीव देणारे दुभाजक, आणि मग जिथे माणसे ओलांडतात तिथेच सपाट माथ्याचा, दोन्ही बाजूंना हलका उतार असलेला उंच पादचारी पट्टा. २०१८ च्या मार्गदर्शकात असे समलंब आकार निरनिराळ्या वेगांसाठी दिले आहेत. एकापाठोपाठ गतिरोधक द्यायचे तर ते १०० ते १२० मीटरवर असावेत. अंतर जास्त झाले की चालक मधे पुन्हा वेग घेतो आणि पुढच्या उंचवट्यापाशी पुन्हा कचकन थांबतो. यातली कुठलीही गोष्ट रास्ता रोकोच्या दुसऱ्या दिवशी होत नाही. पण तातडीने करायचेच असेल तर प्रमाणित मापाचा, आधी फलक लावलेला गतिरोधक घालायला चोपलेल्या ढिगाऱ्यापेक्षा फार तर एक दिवस जास्त लागतो.

दुसरा आक्षेप असा की चालक मर्यादेत असेल तर काहीच होणार नाही, चूक त्याचीच. वरच्या हिशेबात ५० चा वेग घेतला तो यासाठीच. फलक नसलेल्या रस्त्यावर ५० हा काही उद्दाम वेग नाही, आणि तरी ५५ मीटर लागतात. शिवाय नियम मोडणाऱ्याला शिक्षा म्हणून पाठीचा कणा मोडण्याची तरतूद कोणत्याच कायद्यात नाही. तिसरा आक्षेप व्यवहारी आहे: प्रमाणित गतिरोधक इतका हलका असतो की लोक त्याला जुमानत नाहीत. त्यात थोडे तथ्य आहे. मोठ्या चाकांच्या एसयूव्हीला तो कमी जाणवतो, आणि बस-ट्रकसाठी मार्गदर्शकात कडांना दीड मीटरचे सौम्य उतार जोडायला सांगितले आहे. पण आकाराचा हिशेब पाहा. १७ मीटर त्रिज्येच्या कमानीवर २५ किलोमीटर वेगाने वरच्या दिशेचा हिसका गुरुत्वाच्या तीन दशांशाइतका असतो. ४० ला तो पाऊणपट होतो. आणि ४६ च्या पुढे, निदान कागदावर, चाकाचा रस्त्याशी संबंध सुटतो. वेग वाढवणाऱ्याला किंमत वाढत्या दराने मोजावी लागते. चोपलेल्या आखूड उंचवट्यावर हा दर मोटारवाल्यासाठी उलटा चालतो, हे वर आलेच आहे. ज्याला लोक ‘कडक’ गतिरोधक म्हणतात तो कडक असतो फक्त स्कूटरवाल्याला.

जबाबदारीबद्दल थोडेच लिहितो, कारण कायद्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८अ हे कलम आले. रस्त्याची आखणी, बांधणी आणि देखभाल ठरवून दिलेल्या मानकांनुसार न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर संबंधित यंत्रणा, कंत्राटदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम लहान आहे आणि कलम वापरले जाईल तरच त्याला अर्थ. त्यात अडचण अशी की गतिरोधक कोणी घातला हेच अनेकदा सापडत नाही. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, मागणी ग्रामपंचायतीची, डांबर शेजारच्या कामावरून उरलेले, आणि आदेश तोंडी. महापालिकेतही उंचवटा घालायला रस्ते विभाग आणि जागा ठरवायला वाहतूक शाखा, यांच्यात कागद हरवतो. तेव्हा तक्रार करणाऱ्याने ‘गतिरोधक धोकादायक आहे’ एवढे न लिहिता चार गोष्टी लिहाव्यात: रुंदी किती, मधली उंची किती, फलक किती मीटरवर आहे किंवा नाही, आणि खालच्या दिव्यात पट्टे किती अंतरावरून दिसतात. पहिल्या दोन मोजायला दोरी आणि पट्टी पुरते. दोरी उंचवट्याच्या एका पायथ्यापासून दुसऱ्या पायथ्यापर्यंत रस्त्याच्या कडेशी ताणायची म्हणजे रुंदी मिळते. एक सरळ लाकडी पट्टी माथ्यावरून आडवी, पातळी बघून धरली की तिच्यापासून रस्त्यापर्यंतचे अंतर म्हणजे उंची. वाहतूक असताना हे करू नये, हे सांगायची गरज पडू नये. अशी तक्रार ‘पाहणी करून योग्य ती कार्यवाही’ या उत्तराने मिटवता येत नाही, कारण तिच्यात पाहणी आधीच झालेली असते. अर्जात उंचवटा काढण्याची मागणी असेल तर त्याच्यासोबत फलक आणि पट्टेही काढण्याची मागणी असावी. उंचवटा गेल्यावर मागे उरलेला फलक रोज शेकडो चालकांना खोटे सांगत राहतो, आणि पुढच्या गावात तोच फलक खरे सांगत असताना ते वेग कमी करत नाहीत.